बीड-धाराशिवला कॅन्सर सगळ्यात कमी! मग आपण पुण्यात काय चुकीचं खातोय?

सहकारनगरचे_काका

मंडळी, नमस्कार.

आमच्या सकाळच्या फिरण्याच्या ग्रुपवर एक नकाशा आला. फॉरवर्ड म्हणून सोडून देणार होतो, पण खाली आयसीएमआरचं नाव होतं. म्हणून मुलाकडून मूळ अहवाल शोधून घेतला. राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाचा 2020 साली आलेला अहवाल, 2012 ते 2016 या वर्षांचा. आकडे खरे निघाले.

पुरुषांमध्ये दर लाखामागे, वयाचा हिशोब करून, ऐझॉल जिल्ह्यात 269.4. दिल्लीत 147. मुंबईत 108.4. आणि सगळ्यात तळाला आपला उस्मानाबाद-बीड, फक्त 39.5. बायकांमध्येही तळाला तेच, 49.4. पुणे या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी, मुंबईपेक्षा कमी पण बीडपेक्षा बरंच वर.

मी मूळचा अंबाजोगाईचा. बँकेच्या नोकरीत पुण्यात आलो आणि इथलाच झालो. लहानपणी घरात तिन्ही त्रिकाळ ज्वारीची भाकरी, तेल नावाला, भाजी परसातली. माझं म्हणणं सरळ आहे. ज्या भागात लोक ज्वारी खातात, चालतात आणि पाकिटातलं खात नाहीत, तिथे कॅन्सर कमी आहे. आता तर सरकारी आकडाच तसं सांगतो. तेव्हा ज्वारी खाणाऱ्या माणसाला कॅन्सरचा धोका कमी, असं म्हणायला हरकत आहे का?

---

तर्कट

हरकत आहे काका. 39.5 ला ज्वारी जितकी जबाबदार, तितकीच तिथली पाणीटंचाई, ऊसतोडीचं स्थलांतर आणि एसटीचे रस्तेसुद्धा. सगळंच बीडमध्ये आहे, कुठलंही उचला. असल्या नकाशांवरून काहीही सिद्ध करता येतं, त्यामुळे काहीच सिद्ध होत नाही. जिल्हानिहाय आकडेवारी म्हणजे रद्दी.

---

मुक्ता_हडपसर

काका, माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, चालेल ना?

माझ्या सासूबाई केज तालुक्यातल्या. तोंडाचा कॅन्सर निघाला तेव्हा आम्ही त्यांना पुण्याला आणलं. ऑपरेशन, रेडिएशन सगळं इथेच झालं. दवाखान्याच्या फाइलवर पत्ता आमचा हडपसरचा, कारण फोन आणि पत्रं इथेच यायला हवी होती. मग त्या बीडच्या आकड्यात धरल्या गेल्या की पुण्याच्या? पुण्यात धरल्या असतील तर मग काकांचा नकाशाच चुकला म्हणायचा.

(त्या आता बऱ्या आहेत. गावी परत गेल्यात. मिश्री मात्र सुटलेली नाही.)

---

नोंदवही

मुक्ताताई, तुमचा प्रश्न अजिबात वेगळा नाही. या धाग्यावरचा पहिला कामाचा प्रश्न तोच आहे. मी काही वर्षं कॅन्सर रजिस्ट्रीच्या आकडेवारीचं काम केलंय, म्हणून उत्तर देते.

नियम असा आहे की रुग्ण जिथला रहिवासी, तिथे त्याची नोंद. उपचार कुठे झाले याचा संबंध नाही. किमान एक वर्ष त्या भागात राहत असेल तर तो तिथला. म्हणजे सासूबाई बीडच्याच. रजिस्ट्रीची माणसं दवाखान्यात जाऊन फायली उघडतात, पॅथॉलॉजी लॅबचे अहवाल बघतात, मृत्यूच्या नोंदी तपासतात आणि मग एकाच माणसाच्या दोन-तीन ठिकाणच्या नोंदी जुळवून एक करतात. बाहेरगावी उपचार घेतलेले आपले लोक शोधायला ती दुसऱ्या शहरांतही जातात.

पण फाइलवर हडपसर लिहिलं असेल आणि कोणी मूळ गाव विचारलं नसेल, तर ती केस पुण्याच्या खात्यात पडू शकते. आणि बीडमधून निघून गेलेली केस बीडच्या माणसांना सापडली नाही, तर तिथला दर खाली येतो. दोन्ही चुका एकाच दिशेने काम करतात. पुणे फुगतं, बीड आक्रसतं.

काका, तुमच्या 39.5 मध्ये दोन गोष्टी मिसळल्या आहेत. किती लोकांना कॅन्सर झाला ही एक, आणि त्यातल्या किती जणांचा कॅन्सर कोणीतरी ओळखून लिहून ठेवला ही दुसरी. ज्या गावात सोनोग्राफी करायला तालुक्याला आणि बायॉप्सीला जिल्ह्याला जावं लागतं, तिथे स्वादुपिंडाच्या कॅन्सरने गेलेले आजोबा 'काविळीने गेले' म्हणून लिहिले जातात.

---

सहकारनगरचे_काका

ताई, म्हणजे सगळा फरक नोंदीचाच म्हणता? 39 आणि 108 मध्ये इतकं अंतर नुसत्या फायलींनी पडेल? मला नाही पटत. शिवाय तुम्ही म्हणाल खेड्यात म्हातारे कमी, तर तसंही नाही. उलट तरुण शहरात येतात, म्हातारे गावात राहतात.

---

नोंदवही

वयाचा मुद्दा तुम्ही स्वतःच पहिल्या पोस्टमध्ये निकालात काढलात. हे दर वयसमायोजित आहेत. म्हणजे दोन्हीकडे वयोगटांचं प्रमाण एकच असतं तर दर किती आला असता, ते काढलेलं आहे. म्हातारे कमी-जास्त असण्याने आता फरक पडत नाही.

आणि नाही, सगळा फरक नोंदीचा आहे असं मी म्हटलेलं नाही. खरा फरकही असणार. स्तनाचा कॅन्सर शहरात जास्त असण्याला उशिरा लग्न, कमी मुलं, कमी काळ अंगावर पाजणं अशी ठोस कारणं आहेत. आणि ती कारणं एकेका बाईची माहिती घेऊन केलेल्या अभ्यासांतून कळली आहेत, नकाशावरून नाही.

नोंद किती सुटते ते ओळखायच्या खुणा असतात. एक म्हणजे मृत्यू आणि नव्या केसेस यांचं गुणोत्तर. दुसरी, सूक्ष्मदर्शकाखाली खात्री झालेल्या केसेसचं प्रमाण. हे प्रमाण खूप जास्त असलं की लोकांना वाटतं काय उत्तम काम आहे. माझ्या भुवया तिथेच वर जातात, कारण त्याचा अर्थ असाही होतो की ज्यांची बायॉप्सी झाली तेवढेच पकडले आणि बाकीचे निसटले. तिसरी खूण मला सगळ्यात आवडते. अवयवानुसार बघायचं. तोंडाचा किंवा गर्भाशयमुखाचा कॅन्सर डोळ्यांना दिसतो, रक्तस्राव होतो, बाई कधीतरी दवाखान्यात पोचते. मेंदूचा, स्वादुपिंडाचा शोधायला मशीन लागतं. एखाद्या भागात दुसऱ्या प्रकारच्या कॅन्सरचे दर पहिल्यापेक्षा फारच जास्त खाली गेलेले दिसले, तर ते ज्वारीमुळे नसतं.

---

पाटीवाला

विषय निघालाच आहे म्हणून. आमच्या सोसायटीत दोन विंग मिळून पाच कॅन्सर. समोरच्या इमारतीवर मोबाइल टॉवर. याचं काय म्हणणं आहे तज्ज्ञांचं?

---

नोंदवही

पाटीवाले, पाच वेगवेगळ्या अवयवांचे असतील तर ते पाच वेगवेगळे आजार आहेत. आणि आधी पाच केसेस दिसल्या, मग त्यांच्याभोवती दोन विंगची रेघ ओढली, असं झालंय. पुण्यात हजारो सोसायट्या आहेत, त्यांतल्या काहींत निव्वळ योगायोगानेच पाच निघणार. त्यांच्याच लोकांच्या हे डोळ्यांत भरतं. एकही केस नसलेल्या सोसायटीचा माणूस इथे लिहायला येत नाही. यासाठी वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर बोलू.

---

डेटावाला_हिंजवडी

इथे उगाच गुंतागुंत चालली आहे. हा सरळ कन्फाउंडिंगचा, म्हणजे दुसऱ्याच घटकाचा परिणाम ज्वारीच्या खात्यात पडण्याचा, प्रश्न आहे आणि त्यावर उपाय माहीत आहे. सगळ्या रजिस्ट्रींचे आकडे घ्या. शेजारी प्रत्येक जिल्ह्याचं तंबाखूचं प्रमाण, उत्पन्न, शिक्षण, दर लाखामागे डॉक्टर आणि ज्वारीचा खप असे कॉलम लावा. मल्टिपल रिग्रेशन चालवा. बाकी सगळं स्थिर धरल्यावर ज्वारीचा कोएफिशंट निगेटिव्ह आला, म्हणजे ज्वारी वाढली की कॅन्सर घटतो असं दिसलं, तर काका बरोबर, नाही आला तर नाही. ऑफिसात आम्ही रोज हेच करतो. डेटा द्या, शनिवारी दुपारी करून टाकतो.

---

नोंदवही

डेटावाले, अर्धं बरोबर आहे. तंबाखूचा कॉलम लावायलाच हवा. पण जिल्ह्याच्या सरासऱ्यांवर रिग्रेशन लावून 'बाकी सगळं स्थिर धरलं' असं म्हणता येत नाही. एक हिशोब देते. आकडे माझे, बनवलेले आहेत, पण गुणोत्तरं खऱ्या जगाच्या फार दूर नाहीत.

ज्वारी बाजूला ठेवू आणि रेडॉन घेऊ. जमिनीतून घरात झिरपणारा किरणोत्सारी वायू, फुप्फुसाच्या कॅन्सरचं सिद्ध झालेलं कारण. समजा बिडी-सिगारेट न ओढणाऱ्याला वर्षाला फुप्फुसाचा कॅन्सर लाखामागे 10, ओढणाऱ्याला 200. जास्त रेडॉनच्या घरात दोघांचाही धोका दीडपट, म्हणजे 15 आणि 300. म्हणजे या जगात रेडॉन वाईटच आहे, प्रत्येक माणसाला वाईट. हे मी आधीच ठरवून टाकलंय.

आता दोन तालुके, दोन्हींत एक लाख माणसं आणि 30 हजार धूम्रपान करणारे.

पहिल्या तालुक्यात 20 हजार लोक जास्त रेडॉनच्या घरांत राहतात आणि ते सगळे धूम्रपान करणारे आहेत. त्यांच्यात 60 केसेस. उरलेले 10 हजार धूम्रपान करणारे कमी रेडॉनमध्ये, त्यांच्यात 20. न ओढणारे 70 हजार, सगळे कमी रेडॉनमध्ये, त्यांच्यात 7. एकूण 87.

दुसऱ्या तालुक्यात 40 हजार लोक जास्त रेडॉनच्या घरांत, म्हणजे दुप्पट. पण ते सगळे न ओढणारे. त्यांच्यात 6 केसेस. आणखी 30 हजार न ओढणारे कमी रेडॉनमध्ये, त्यांच्यात 3. धूम्रपान करणारे 30 हजार, सगळे कमी रेडॉनमध्ये, त्यांच्यात 60. एकूण 69.

तुमच्या एक्सेलमध्ये काय दिसेल? धूम्रपान 30 टक्के आणि 30 टक्के. रेडॉन 20 टक्के आणि 40 टक्के. कॅन्सर 87 आणि 69. धूम्रपान आपोआप स्थिर आहे, तुम्हाला काही करावंच लागलं नाही. आणि उत्तर येतं की रेडॉन वाढला की कॅन्सर कमी होतो.

एकूण बेरजा तुमच्याकडे आहेत. कोण कुठल्या घरात राहतो ते तुमच्याकडे नाही, आणि ते कितीही कॉलम वाढवले तरी मिळणार नाही.

---

डेटावाला_हिंजवडी

हिशोब दोनदा करून बघितला, बरोबर आहे. पण दोन आक्षेप.

एक, इतकी टोकाची वाटणी खऱ्या आयुष्यात होत नाही. दोन, तुम्ही परिणाम गुणाकाराने घेतलाय म्हणून हे होतंय. बेरजेने घेतलं, म्हणजे रेडॉनमुळे प्रत्येकाला, ओढो न ओढो, लाखामागे 5 केसेस जास्त, तर पहिल्या तालुक्यात 68 आणि दुसऱ्यात 69 येतात. रेडॉन जास्त तिथे कॅन्सर जास्त, दिशा बरोबर. म्हणजे रिग्रेशनचा दोष नाही, मॉडेलचा आहे.

---

नोंदवही

वा! दुसरा आक्षेप अगदी बरोबर. परिणाम निव्वळ बेरजेचे असतील तर सरासऱ्यांवरून काम भागतं. अडचण अशी की ते बेरजेचे आहेत की गुणाकाराचे, हे जिल्ह्याच्या सरासरीवरून कळत नाही. त्यासाठी माणसांचीच माहिती लागते. आणि ती मिळाली की मग सरासरी कशाला हवी?

पहिलाही मान्य. मी टोक घेतलं ते डोळ्यांना दिसावं म्हणून. पण थोडी वाटणी खरोखर असते. रेडॉन जमिनीतून येतो, त्यामुळे तळमजला आणि तळघर यांत जास्त, चौथ्या मजल्यावर कमी. शहरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारा आणि गावाकडच्या स्वतःच्या घरात राहणारा, यांचं धूम्रपान सारखंच असेल असं कशावरून?

आणि हे फक्त कागदावरचं नाही, प्रत्यक्षात झालेलं आहे. पिट्सबर्ग विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ बर्नार्ड कोहेन यांनी 1995 साली अमेरिकेतल्या 1,601 काउंटींचा अभ्यास प्रसिद्ध केला. घरातल्या रेडॉनची सरासरी एका बाजूला, फुप्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू दुसऱ्या बाजूला. देशातली बहुतेक लोकसंख्या त्यात आली होती. निघालं काय, तर जिथे रेडॉन जास्त तिथे मृत्यू कमी. आणि कोहेन काही भाबडे नव्हते. त्यांनी धूम्रपानाचे अंदाज घेतले, वर पन्नासाहून जास्त सामाजिक-आर्थिक घटक एकेक करून तपासले. कल उलटाच राहिला. ज्यांना थोडा किरणोत्सार तब्येतीला चांगला असं म्हणायचं होतं, ते अजून हा आलेख दाखवतात.

---

तर्कट

मग? 1,601 जागा, पन्नास घटक, तरी तुम्ही मानायला तयार नाही. मग मानायचं कधी? आवडता निष्कर्ष आला की विज्ञान, नावडता आला की फॅलसी?

---

नोंदवही

हा प्रश्न रास्त आहे. गटाच्या सरासरीवरून एकेका माणसाबद्दल निष्कर्ष काढण्याच्या चुकीला 'इकॉलॉजिकल फॅलसी' म्हणतात, पण नुसतं ते नाव घेऊन झटकून टाकणं हा आळस आहे. चूक झाली असू शकते हे सांगणं सोपं, झाली हे दाखवावं लागतं.

ते 2003 मध्ये जेरोम पुस्किन यांनी दाखवलं. युक्ती साधी. रेडॉनचा मारा मुख्यतः फुप्फुसावर होतो, बाकी अवयवांपर्यंत तो नगण्य पोचतो. मग कोहेन यांचाच हिशोब इतर कॅन्सरसाठी करून बघू. रेडॉन खरंच फुप्फुसाला वाचवत असेल, तर हा उलटा कल फक्त फुप्फुसात दिसायला हवा.

दिसला काय? धूम्रपानाशी घट्ट जोडलेल्या इतर कॅन्सरमध्येही तसाच उलटा कल. आणि ज्यांचा धूम्रपानाशी फारसा संबंध नाही, त्यांच्यात तो नाही. म्हणजे काउंटीनिहाय रेडॉनचा आकडा गुपचूप धूम्रपानाचा आकडा सांगत होता. जास्त रेडॉनच्या काउंटींत लोक कमी सिगारेटी ओढत होते, आणि कोहेन यांनी केलेली धूम्रपानाची दुरुस्ती पुरी पडली नव्हती.

का पुरी पडली नाही, ते दुसऱ्या एका अभ्यासातून समजतं. 2005 साली सारा डार्बी आणि सहकाऱ्यांनी युरोपातले 13 अभ्यास एकत्र केले. कॅन्सर झालेले 7,148 आणि न झालेले 14,208 लोक. प्रत्येकाच्या घरातला रेडॉन मोजलेला, प्रत्येकाचा धूम्रपानाचा इतिहास विचारलेला. बेकरेल हे किरणोत्सार मोजायचं एकक. हवेतला रेडॉन दर घनमीटरमागे 100 बेकरेलने वाढला की धोका सुमारे 8 टक्के वाढतो, आणि मोजमापातली अनिश्चितता धरली तर 16 टक्के. त्यांनी काढलेला अंदाज बघा. पंचाहत्तरीपर्यंत फुप्फुसाच्या कॅन्सरची शक्यता, कधीच न ओढलेल्यांना रेडॉन शून्य असताना 0.4 टक्के, 400 बेकरेलला 0.7 टक्के. ओढणाऱ्यांना 10 टक्के आणि 16 टक्के.

या चार आकड्यांत सगळं आहे. रेडॉनमुळे धोका दीडपट-पावणेदोनपट होतो, धूम्रपानामुळे पंचवीसपट. काउंटीच्या धूम्रपानाच्या अंदाजात थोडी जरी चूक राहिली, किती टक्के ओढतात ते बरोबर पण किती आणि किती वर्षं ओढतात ते चूक, तरी ती चूक रेडॉनचा अख्खा परिणाम गिळून उलटी दिशा दाखवू शकते.

---

सहकारनगरचे_काका

रेडॉनचं समजलं ताई. दोनदा वाचावं लागलं, पण समजलं. आता माझ्या ज्वारीकडे या.

---

नोंदवही

काका, ज्वारीला माझा विरोध नाही, मीही खाते. पण तुमचं वाक्य दोन पायऱ्या एकदम उतरतंय. 'बीडमध्ये दर कमी' यावरून 'बीडमध्ये ज्यांना कॅन्सर झाला नाही ते ज्वारी खाणारे होते' असं निघत नाही. त्या 39.5 मध्ये जे आहेत, तेही भाकरीच खात असणार. बीडमध्ये जवळजवळ सगळेच ज्वारी खात असतील, तर ज्वारी खाणारा आणि न खाणारा यांची तुलना बीडमध्ये करताच येत नाही. ती पुण्यात कदाचित होईल, कारण इथे दोन्ही प्रकारचे लोक शेजारीशेजारी राहतात, एकाच दवाखान्यात जातात, एकाच रजिस्ट्रीत लिहिले जातात.

आहारात हे आधी घडून गेलंय. देशोदेशींच्या आकड्यांत, जिथे चरबी जास्त खातात तिथे स्तनाचा कॅन्सर जास्त, असं अगदी रेषेवर बसणारं चित्र 1970 च्या दशकात दिसलं होतं. मग अमेरिकेत जवळपास 49 हजार बायकांवर प्रत्यक्ष चाचणी केली. काहींना कमी चरबीचा आहार, बाकीच्यांना नेहमीचा, सरासरी आठ वर्षं. 2006 मध्ये निकाल आला तेव्हा दोन गटांतला फरक लहान होता, योगायोगापासून नक्की वेगळा काढता येईल इतका नव्हता. चरबी ज्या देशांत जास्त खाल्ली जाते, तिथे बाकीही खूप काही वेगळं असतं.

---

तर्कट

म्हणजे शेवटी मी पहिल्या प्रतिसादात म्हटलं तेच. रद्दी.

---

नोंदवही

नाही हो. ऐझॉलचा 269 रद्दी असता, तर तिकडे कोणी बघायलाच गेलं नसतं.

मिझोराममध्ये पोटाचा कॅन्सर खूप, हे रजिस्ट्रीच्या आकड्यांनी दाखवलं. त्यावरून संशय तंबाखूवर आणि तिथल्या खाण्यावर गेला. मग संशोधकांनी कॅन्सर झालेले आणि न झालेले लोक समोर बसवून विचारलं. तिथली 'मैझिओल' नावाची विडी ओढता का? 'तुइबुर' वापरता का? तंबाखूचा धूर पाण्यात मुरवून ते पाणी तोंडात धरतात, ते तुइबुर. दोन्हींमुळे धोका वाढतो असं निघालं. कुठे खणायचं ते नकाशाने सांगितलं, खणावं माणसांपाशीच लागलं.

आणि गट म्हटला की चूकच, असंही नाही. याच उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीची मोठी चाचणी झाली, 1 लाख 31 हजारांहून जास्त बायका, 2009 साली निकाल छापून आला. त्यात बायका एकेक करून वाटल्या नव्हत्या. खेड्यांचे 52 गट केले आणि कुठल्या गटाला कुठली तपासणी ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. या कॅन्सरमागच्या एचपीव्ही विषाणूची चाचणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने 34 मृत्यू, तुलनेच्या गटात 64. हे मान्य होतं, कारण गाव कुठल्या गटात जाणार हे गावाच्या सवयींवर ठरलं नव्हतं, आणि पुढची नोंद एकेका बाईची ठेवली होती.

---

मुक्ता_हडपसर

अच्छा, म्हणजे त्या तपासणीला आमच्या नात्यातल्या कोणी गेल्या असतील का ते विचारते. आमची माणसं धाराशिवकडेही आहेत.

ताई, पण एक राहिलं. सासूबाईंची नोंद कुठे झाली हे मला आता कळू शकतं का?

---

नोंदवही

रजिस्ट्री नावानिशी माहिती बाहेर देत नाही, त्यामुळे तुम्हाला बघता येणार नाही. तुमच्या हातात एवढंच की पुढच्या तपासणीला आलात की फाइलवर कायमचा पत्ता केजचा लिहून घ्या, हडपसरचा 'संपर्कासाठी' म्हणून वेगळा. नोंदणीवाले पुन्हा त्या फाइलपाशी आले तर दुरुस्ती होऊ शकते.

---

डेटावाला_हिंजवडी

ताई, मग माझी शनिवारची दुपार वाया घालवायची नसेल तर काय करू? पुस्किनसारखी चाचणी आपल्या आकड्यांवर जमेल? तोंड आणि गर्भाशयमुख एकीकडे, मेंदू आणि स्वादुपिंड दुसरीकडे, बीड-धाराशिव विरुद्ध मुंबई आणि पुणे. नोंद सुटतेय की खरंच कमी आहे, ते कळेल ना?

---

नोंदवही

करून बघा, अहवालात अवयवनिहाय तक्ते आहेत. पण आधीच सांगते, उत्तर स्वच्छ येणार नाही. गर्भाशयमुखाचा दर बीडमध्ये वेगळ्या कारणांनी जास्त असू शकतो, लहान वयात लग्न वगैरे. तोंडाचा मिश्री-तंबाखूमुळे. म्हणजे 'दिसणारे कॅन्सर' हा गट नुसता दिसण्यामुळेच वेगळा नाही. आणि मेंदूच्या केसेस इतक्या थोड्या असतील की एखाद्या वर्षी चार जास्त सापडल्या तरी दर हलेल. पाचही वर्षं एकत्र घ्या.

---

सहकारनगरचे_काका

डेटावाले, तक्ता झाला की इथेच टाका. बायकांचा वेगळा, पुरुषांचा वेगळा.

आणि ताई, तुमचं सगळं ऐकलं तरी माझा अंदाज आहे की निम्मा तरी फरक खराच निघेल. आमच्या आळीत कॅन्सर हा शब्द मी पुण्यात आल्यावरच ऐकला.

---

तर्कट

काका, तोच तर मुद्दा चाललाय वरती. आळीत शब्द नव्हता की आजार नव्हता?

---

सहकारनगरचे_काका

आजी 'पोटात गोळा आला' म्हणून गेली. एवढंच माहीत आहे. तक्ता येऊ द्या.